हिरडीजवळच्या खाचेतलं फिलिंग दोनदा निघालं, मदत हवी आहे

वय ४६. वरच्या डाव्या दोन उपदाढांना हिरडीलगत पाचरीसारख्या खाचा आहेत. कीड नाही, पण थंड पाण्याने कळ जाते. एक डॉक्टर म्हणतात, जोरात आडवं घासल्याने झालं. मी उजव्या हाताने घासतो, तेव्हा डावी बाजू झिजणं पटतं. दुसऱ्यांनी मात्र त्याच दातांची सपाट झालेली टोकं दाखवली. रात्री दात खाल्ल्याचा ताण दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगतच्या भागावर येतो, असं त्यांचं मत.

कंपोझिट दोनदा भरलं, दोन्ही वेळा वर्षाच्या आत हिरडीकडच्या कडेने सुटलं. तिथे ओल राहते म्हणे. सहा महिने मऊ ब्रश वापरतोय. आम्लपित्त नाही, मिश्री लावत नाही.

तिसऱ्यांदा भरण्याआधी नाइट गार्ड करून घ्यावा का? आणि कड हिरडीखाली असताना कंपोझिटऐवजी ग्लास आयोनोमर जास्त टिकतं का?