अनुभव धागा: सेंट, धूर, झगझगीत दिवे आणि कामाच्या जागी चढणारं डोकं

काउंटर_नंबर_दोन (सांगली)
मी विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. अर्धशिशी कॉलेजपासूनची आहे आणि डॉक्टरांचं औषध चालू आहे, तेव्हा कृपया काढे-गोळ्या सुचवू नका. मला विचारायचंय ते बसण्याच्या जागेबद्दल. हॉल बंद, दोन स्प्लिट एसी. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर रूम फ्रेशनरचं मशीन आहे, ते थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुस्स करतं. शेजारच्या सरांचा बॉडी स्प्रे, गुरुवारी साहेबांचा धूप आणि डोक्यावरच्या एलईडी पॅनेलची समोरच्या काचेत पडणारी तिरीप. दुपारी चारच्या सुमाराला डावी कानशिलं ठणकायला लागतात. नोकरी न सोडता तुम्ही काय काय बदललंत, ते लिहा.

कापडपेठवाला
आमचं साडीचं दुकान. सकाळी दुकान उघडलं की पूजा, धूपकांडी, उदबत्ती, आणि अकरापर्यंत माझं डोकं धरलेलं. हे सगळं पित्त आहे बघा, दुसरं काही नाही. आता घरनं पोहे खाऊन निघतो, रिकाम्या पोटी धुरात उभा राहत नाही, तेव्हापासून निम्मं कमी झालं. दुसरं म्हणजे देव्हारा गल्ल्याजवळनं हलवून दाराशी नेला. टेबल फॅन आधी धुरावर आतल्या बाजूला मारायचो, आता त्याचं तोंड रस्त्याकडं. धूर गल्लीत जातो. वडील चार दिवस बोलले नाहीत, मग बोलले.

मिरज_ओपीडी
मी मिरजेत मेंदूविकाराच्या ओपीडीत सिस्टर आहे. काका, पोट रिकामं राहिलं की अर्धशिशी उठते हे खरं, पण त्याला पित्त म्हणून वर गोळ्या घेत राहू नका. मळमळ आणि उलटी हा त्याच दुखण्याचा भाग असतो.

ताई, आधी एक गोष्ट तपासा. डोकं दुखायच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, अटॅक आत सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. त्या वेळी नेहमीचाच वास नकोसा होतो आणि नेहमीचाच दिवा डोळ्यात घुसतो. मग माणूस म्हणतो, वासानं दुखलं. कधी खरंच वासानं दुखतं, कधी दुखणं आधीच निघालेलं असतं म्हणून वास खुपतो. ओळखायचं कसं? वहीत दुखण्याची वेळ लिहा, त्याआधी जांभया-मान होती का ते लिहा, जेवण, झोप, पाळी लिहा. आणि ऑफिसात एका वेळी एकच गोष्ट बदला. चारही एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

अजून एक, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. फ्रेशनरचा वास दिवसभर तिथंच फिरतो.

वायरमन_माधवनगर
पॅनेलचं सांगतो. आपली लाईन पन्नास हर्ट्झची, म्हणून स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला दिसत नाही, पण काहींच्या डोक्याला कळतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा. दिवा लपलपताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर बदला, अख्खं पॅनेल टाकायची गरज नाही. पट्टे नसले तर तुमचा त्रास लपलपण्याचा नाही, झगमगाटाचा आहे. त्याला खुर्ची फिरवा, म्हणजे दिवा काचेतनं डोळ्यावर येणार नाही.

मिरज_ओपीडी
दादांची तपासणी चांगली आहे. फक्त शंभरच्या लपलपण्यानं प्रत्येकाचं डोकं दुखतं असं नाही, आणि काही मोबाईल ते पट्टे स्वतःच पुसून टाकतात.

वर्गशिक्षिका_आष्टा
मला उजेडाचा इतका त्रास की स्टाफरूममध्येसुद्धा काळा गॉगल लावते. आता गॉगल काढला की साधा ट्यूबलाईटही टोचतो. कुणाला असं होतं का?

मिरज_ओपीडी
बाई, उन्हात लावा, खोलीत नको. डोळ्याला अंधाराची सवय लागली की साधा उजेडही जास्त वाटतो, तेच होतंय. हळूहळू कमी करा. फिकट गुलाबी छटेच्या खास काचा मिळतात, आमच्या काही पेशंटना बरं वाटतं, काहींना काहीच नाही.

सोहमची_आई
माझ्या मुलाला मोबाईल बघून डोकं दुखतं. नववीत आहे. त्याचा नंबर वाढला असेल का? सांगलीत डोळ्यांचे चांगले डॉक्टर कोण?

वायरमन_माधवनगर
ताई, धागा कामाच्या जागेचा आहे. पण नंबर तपासून घ्या, त्यात वाट बघण्यासारखं काही नाही.

तासगाव_बेदाणा
तुमचं सेंट-बिंट ठीक आहे हो. आमच्या शेडवर गंधकाची धुरी असते, डोळ्यातनं पाणी काढते. पण मला विचारायचंय ते वेगळंच. पावसाळ्यात लाईट गेली की जनरेटर आतच लावतो, शटर अर्धं खाली. मग आम्हा सगळ्यांचंच डोकं जड, एकाला मळमळ. बाहेर चहाला गेलं की बरं. सगळ्यांना अर्धशिशी कशी?

मिरज_ओपीडी
दादा, ही अर्धशिशी नाही. एकाच जागी सगळ्यांचं एकदम दुखतं आणि बाहेर गेलं की उतरतं, म्हणजे हवेत विष आहे. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि त्यानं माणूस झोपेतच जातो. जनरेटर शेडबाहेर, दार-खिडकीपासून लांब हलवा. आजच. शटर उघडं ठेवून भागत नाही. कुणी गुंगल्यासारखं वाटलं तर त्याला आधी उघड्यावर आणा आणि थेट दवाखाना.

तासगाव_बेदाणा
मालकाला वाचून दाखवलं. म्हणाले केबल लांब लागेल. बघू.

वायरमन_माधवनगर
केबलचं मी बघतो. त्यासाठी थांबू नका, तोवर जनरेटर बंद ठेवा.

काउंटर_नंबर_दोन (सांगली)
महिनाभरानं परत लिहितेय. आधी फक्त फ्रेशनरचं मशीन बंद करायला लावलं. साहेब म्हणाले कस्टमरला कोंदट वाटेल, म्हणून बदल्यात सकाळी उघडायच्या आधी खिडक्या उघडून एक्झॉस्ट चालवायचं ठरलं. वही बघितली तर दुपारचं चारचं दुखणं बरंच कमी झालंय. जे अटॅक उरले, त्यांच्या आधी जांभया होत्याच, त्यातले निम्मे पाळीच्या आसपासचे. म्हणजे त्या दिवशी सरांच्या स्प्रेला मी उगाच बोल लावत होते.

तरी सरांशी बोलले. "तुमचा वास वाईट आहे" असं न म्हणता "मला अर्धशिशी आहे, स्प्रे घरीच मारून थोडा उडू देऊन याल का" असं विचारलं. लगेच हो म्हणाले. गुरुवारचा धूप मात्र तसाच. त्या वेळेला मी पासबुक एंट्रीला आतल्या टेबलावर बसते. पॅनेलचे पट्टे मोबाईलमध्ये दिसले नाहीत, म्हणून कॉम्प्युटर तिरका केला आणि स्क्रीनचा उजेड खोलीइतकाच ठेवला.

अडकलंय ते अत्तर लावून येणाऱ्या कस्टमरवर. त्यांना काय सांगणार? एन-९५ मास्क लावून बघितला, वास तसाच आला.

मिरज_ओपीडी
एन-९५ धुराचे कण अडवतो, सेंटची वाफ नाही. कोळशाचा थर असलेला मास्क थोडाफार अडवतो, पण तो थर भरला की संपला, आणि उन्हाळ्यात तोंडाला घाम. त्या कस्टमरपुरता लावा. आणि वहीत एक रकाना दुखण्याच्या गोळीचा करा. साधी गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि अर्धशिशीची खास किंवा मिश्र गोळी दहा दिवस किंवा जास्त, असं काही महिने चाललं तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं असं दुखलं, हातपाय लुळा पडला किंवा बोलता येईना, तर वही-बिही बाजूला ठेवून इमर्जन्सी गाठायची.

कापडपेठवाला
सिस्टर, म्हणजे मी दर दोन दिवसांनी मेडिकलातनं आणतो ती गोळी मोजायची का? ती तर पित्ताची म्हणून घेतो.

मिरज_ओपीडी
काका, पाकिटावरचं नाव इथं टाका.