शब्दचर्चा: ‘चुकीच्या खात्यात’ हे न दुखावता कसं लिहावं?

शेवंता:
एका जुन्या ग्राहकाने बिलाची रक्कम आमच्या जोडसंस्थेच्या खात्यात भरली. दोन्ही संस्थांचे मालक तेच असले तरी नोंदणी आणि हिशेब वेगळे. कार्यालयातून जायचा मजकूर असा आहे:

«आपल्याकडून बिल क्र. ११८ ची रक्कम चुकीच्या खात्यात भरण्यात आली आहे. कृपया ती त्वरित योग्य खात्यात वर्ग करावी.»

व्याकरणात काही बिघडलेलं नाही, पण वाचल्यावर कान धरल्यासारखं वाटतं. ग्राहक मानी आहेत. ‘चुकीच्या’ काढला की भागेल का?

स्वल्पविराम:
कर्ता काढून टाका, दोष आपोआप जातो. ‘आपल्याकडून’ काढा आणि ‘रक्कम दुसऱ्या खात्यात भरली गेली आहे’ असं लिहा.

जमाखर्च:
कर्ता काढायचा हे बरोबर, पण ‘भरली गेली’ने काम होत नाही. भरणं हे कुणीतरी करायचंच काम आहे, त्यामुळे ‘भरली गेली’ म्हटलं की ‘कुणी भरली?’ हा प्रश्न मागे उरतोच, आणि उत्तर दोघांनाही माहीत असतं. मराठीत त्यासाठी वेगळं क्रियापद आहे: रक्कम जमा झाली. पाऊस झाला, उशीर झाला, तसंच हे. करणारा शोधायची गरजच पडत नाही.

शेवंताताई, तुमच्या मजकुरातला सगळ्यात बोचरा शब्द माझ्या मते ‘चुकीच्या’ नाही, ‘आपल्याकडून’ आहे. ‘माझ्याकडून कप फुटला’, ‘त्याच्याकडून राहून गेलं’ अशा वाक्यांत ‘कडून’ येतो तो हातून घडलेल्या चुकीसाठी. ‘आपल्याकडून रक्कम मिळाली’ यात तोच शब्द निरुपद्रवी आहे, कारण तिथे तो फक्त कुठून आली ते सांगतो. पण पुढे ‘चुकीच्या खात्यात’ आलं की वाचणारा पहिला अर्थच घेतो. सरळ ‘आपली रक्कम’ लिहा.

स्वल्पविराम:
‘कडून’बद्दल पटलं. मग ‘योग्य खात्यात’ चालेल ना? त्यात तर चूक हा शब्दच नाही.

जमाखर्च:
‘योग्य’ म्हटलं की आधीचं अयोग्य ठरतंच. चूक मागच्या दाराने परत येते. खात्याला विशेषण लावूच नका, त्याची ओळख सांगा. पैसे गेले ते ‘आमच्या जोडसंस्थेच्या खात्यात’, जायला हवेत ते ‘बिलावर छापलेल्या खात्यात’. माहितीही जास्त मिळते.

पायरी_चुकली:
माझंही असंच झालंय. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला आणि पैसे अनोळखी माणसाकडे गेले. त्याला कसा निरोप लिहू?

जमाखर्च:
तुमची गोष्ट वेगळी आहे. इथे पैसे आलेत ते यांच्याच माणसांकडे. तुम्ही निरोप लिहायचा तो तुमच्या बँकेला, आणि आजच. व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि भरायचा होता तो खाते क्रमांक द्या. समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा पैसे काढून देत नाही, त्यामुळे जितका उशीर तितकं अवघड.

दुपारची_पाळी:
मला कळत नाही, मालक एकच आहेत तर आतल्या आत फिरवा की पैसे. ग्राहकाला कशाला त्रास?

शेवंता:
हिशेबनीस नको म्हणतात. या बिलातलं काही जोडसंस्थेने विकलेलंच नाही, मग तिच्या वहीत ही रक्कम कशाची दाखवायची, असं त्यांचं म्हणणं आहे.

जमाखर्च:
बरोबर म्हणतात. एकाच संस्थेची दोन खाती असती तर ग्राहकाला काही कळवायचीही गरज नव्हती. संस्था वेगळ्या असल्या की आतल्या आत फिरवलेली रक्कम एकीने दुसरीला दिलेल्या उसनवारीसारखी दिसते, आणि ग्राहकाच्या वहीतही नाव भलतंच राहतं. परत करून पुन्हा मागवणं हेच स्वच्छ.

पण इथेच मजकुरातली खरी अडचण आहे. ‘ती रक्कम वर्ग करावी’ असं लिहिलंय. ती रक्कम तर तुमच्या ताब्यात आहे, ग्राहक ती कुठून वर्ग करणार? त्यांना वाटेल की पुन्हा पैसे मागतायत, आणि एकदा दिलेल्यांचं काय? म्हणून आधी परत करा, मग कळवा. परत करण्यापूर्वी रक्कम खरंच जमा आहे का ते बँकेच्या उताऱ्यात पाहा, ग्राहकाने पाठवलेल्या पावतीच्या फोटोवर जाऊ नका. आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा. ‘या दुसऱ्या खात्यात टाका’ असा निरोप आला तर थांबून, माहितीच्या क्रमांकावर फोन करून विचारा.

दुपारची_पाळी:
‘वर्ग’ऐवजी ‘वळती करावी’ कसं वाटतं? आमच्याकडे तेच म्हणतात.

जमाखर्च:
बोलताना ठीक. पण ‘पगारातून आगाऊ रक्कम वळती केली’ म्हणजे कापून घेतली. पैशांवरून आधीच गोंधळ असताना असा दुहेरी शब्द नको. इथे साधं ‘पाठवावी’ पुरे.

शेवंता:
सगळं घेऊन नवा मजकूर केला:

«नमस्कार. बिल क्र. ११८ ची आपली रक्कम ३ तारखेला आमच्या जोडसंस्थेच्या खात्यात जमा झाली. दोन्ही संस्थांचे हिशेब वेगळे असल्याने ती या बिलात धरता येत नाही. म्हणून ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आज पूर्ण रक्कम परत केली आहे. बँकेचा व्यवहार क्रमांक खाली दिला आहे. रक्कम आपल्याला मिळाली की बिलावर छापलेल्या खात्यात पाठवावी, ही विनंती. आपला भरणा ३ तारखेचाच धरला जाईल. तसदीबद्दल क्षमस्व.»

बिलावरचा खाते क्रमांकही निरोपात टाकू का? त्यांना सोपं जाईल.

जमाखर्च:
नका टाकू. ‘पैसे इकडे नको, तिकडे पाठवा’ हा निरोप फसवणूक करणारेही अगदी याच थाटात पाठवतात. सावध ग्राहक बिचकेल, भोळा असेल तर पुढच्या वेळी खोट्या निरोपालाही बळी पडेल. बिलावरचंच खाते सांगितलंत ते उत्तम. शेवटी जोडा: «खातरजमेसाठी बिलावरील क्रमांकावर फोन करावा.»

दुसरं, ‘३ तारखेचाच धरला जाईल’ हे हिशेबनिसांना चालणार नाही. पावतीवर पैसे खरोखर येतील तीच तारीख पडणार. तुम्ही देऊ शकता ती सवलत मुदतीची: «मुदतीसाठी ३ तारीखच धरू, विलंब आकार लागणार नाही.» आधी मालकांना विचारा मात्र. माझ्या मते दोष देत नाही हे या एका वाक्याने जेवढं पोचतं तेवढं बाकीच्या शब्दांनी पोचत नाही.

स्वल्पविराम:
‘क्षमस्व’ला माझा विरोध. चूक आपली नसताना क्षमा मागितली की मानी माणसाला तो टोमणा वाटतो.

शेवंता:
मला ते ‘तसदीबद्दल’ आहे म्हणून चालेल असं वाटतं. पैसे पुन्हा पाठवायची तसदी त्यांना आपल्यामुळेच पडतेय.

जमाखर्च:
एक विचारतो. त्यांच्याकडे जोडसंस्थेचं खातं मुळात आलं कुठून?

शेवंता:
मागच्या वर्षी एक काम जोडसंस्थेकडून झालं होतं, तेव्हाचं त्यांच्या यादीत साठवलेलं असणार. दोन्ही संस्थांची नावं पहिल्या दोन शब्दांपर्यंत सारखीच आहेत.

जमाखर्च:
मग क्षमस्व राहू द्या. आणि पुढच्या बिलापासून खात्याच्या वर संस्थेचं पूर्ण नाव ठळक छापा.

स्वल्पविराम:
मी तरी ‘तसदी पडते आहे, याची जाणीव आहे’ एवढंच लिहिलं असतं.