थांबे चारच, मग ब्रँच अँड बाउंडचा खटाटोप कशाला?

मार्केटयार्ड_टेम्पो:
गोदाम मार्केट यार्डात. सकाळी टेम्पो निघतो आणि डेक्कन, कोथरूड, औंध, खडकी करून परत येतो. खालची मिनिटं मी स्वतः घड्याळ लावून घेतली आहेत. ओळ म्हणजे कुठून, रकाना म्हणजे कुठे. मी दर वेळी जवळचा थांबा आधी घेतो, त्यात १०५ मिनिटं जातात. भाचा म्हणतो ब्रँच अँड बाउंड लाव, म्हणजे फांद्या पाडून न परवडणाऱ्या आधीच कापायची पद्धत. चार थांब्यांना खरंच लागतं का ते?

```
       गो   डे   को   औं   ख
गो     -   १८   २५   ३८   ३४
डे    २०    -   १४   २२   १९
को    २७   १२    -   २४   ३०
औं    ३६   २०   २२    -   १०
ख     ३९   २४   ३१   १२    -
```

कोड_कारकून:
नाही लागत. चार थांब्यांचे क्रम फक्त २४. आठ केलेस तरी ४०,३२०, म्हणजे कुठल्याही जुन्या लॅपटॉपला किरकोळ काम. सगळे क्रम तपास आणि सगळ्यात कमी बेरीज उचल. मॅट्रिक्स कमी करत बसणं हे परीक्षेपुरतं ठीक आहे.

वहीपेन:
मला हे पटत नाही. २४ बेरजांनी उत्तर मिळेल, पण बाकीचे क्रम का हरले ते कळणार नाही, आणि एक आकडा बदलला की बेरजा पुन्हा पहिल्यापासून.

टेम्पो गोदामातून कुठेही निघो, किमान १८ मिनिटं मोडणारच, कारण त्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा तोच आहे. प्रत्येक फेरीत गोदाम एकदाच सोडायचं असतं, म्हणून ती ओळ १८ ने कमी केली की प्रत्येक फेरी बरोबर १८ नेच स्वस्त होते आणि कोणता क्रम सरस हे बदलत नाही. पाचही ओळींचं असं केलं की १८, १४, १२, १०, १२ मिळून ६६ होतात. मग रकान्यांकडे वळायचं. गोदामाच्या रकान्यात अजून कुठेच शून्य नसतं, सगळ्यात लहान ६ उरलेले असतात, तेही वजा करायचे. झाले ७२. एकही फेरी न आखता कळलं की ७२ च्या खाली कोणी येऊ शकत नाही, ही आपली तळरेषा.

आता जे शून्य सोडलं तर सगळ्यात महाग पडेल ते धरायचं. इथे ते खडकी→औंध आहे. ते नाकारलं तर खडकीहून निघायला १२ आणि औंधला पोचायला ८ जास्त, म्हणून नाकारणारी फांदी ९२ वर जाते. स्वीकारलं तर खडकीची ओळ आणि औंधचा रकाना खोडायचा, औंध→खडकी बंद करायचं, आणि उरलेलं पुन्हा कमी करायचं. आणखी १० आणि ५ निघतात, म्हणून ८७. पुढे डेक्कन→खडकी: नाकारलं तर ९८, स्वीकारलं आणि औंध→डेक्कन बंद केलं तर ९७. मग गोदाम→डेक्कन: नाकारलं तर १०४. स्वीकारलं की उरलेलं आपोआप ठरतं: गोदाम, डेक्कन, खडकी, औंध, कोथरूड, गोदाम. १८+१९+१२+२२+२७ = ९८.

निळीशाई:
मी हेच केलं, पण मला ७९ आले! गोदाम→कोथरूड→डेक्कन→गोदाम ५७, आणि औंध→खडकी→औंध २२. प्रत्येक ठिकाणी एकदाच जाणं, एकदाच निघणं. तुमचे ९८ कसे?

वहीपेन:
तुझा टेम्पो औंध-खडकीला पोचतच नाही. ती दोघं आपापसात गोल फिरत राहिली. औंध→खडकी बंद करायची पायरी तू गाळलीस. आणि नुसता उलटा रस्ता बंद करून भागत नाही. जुळत आलेल्या तुकड्याचं शेवटचं टोक त्याच्या पहिल्या टोकाला जाऊ द्यायचं नाही, म्हणून डेक्कन-खडकी-औंध जुळल्यावर औंध→डेक्कन बंद केलं. उत्तर संशयास्पद स्वस्त आलं की गोदामापासून बोट ठेवून फिर. बोट पाचही जागी न जाता परत आलं तर हीच चूक.

निळीशाई:
कळलं. म्हणजे ९८ सापडले, काम संपलं.

वहीपेन:
नाही, ९२ ची फांदी अजून उघडी आहे. तिच्यात ९३ ची फेरी असू शकते, आणि बरेच जण नेमके इथेच पेन ठेवतात. तिथे औंध→खडकी नाकारलं तर १०७. स्वीकारलं तर ९२ च राहतात. त्यापुढे डेक्कन→गोदाम नाकारलं तर १०१, स्वीकारलं तर १०३. सगळे ९८ च्या वर गेले. आता संपलं.

कोड_कारकून:
मोजलं मी. मुळासकट ११ चौकटी लिहिल्यास, आणि प्रत्येकीत ओळी-रकाने पुन्हा कमी करणं आलंच. त्यापेक्षा २४ सरळ बेरजा सोप्या. आणि थांबे वाढले तर १९६२ पासून हेल्ड-कार्पची, छोट्या तुकड्यांची उत्तरं साठवून पुढे जाणारी पद्धत आहेच. तिला किती काम पडणार हे आधी सांगता येतं. तुझ्या फांद्या किती फुटतील, सांगू शकतोस?

वहीपेन:
नाही सांगू शकत. आकडे वाईट जुळले तर जवळजवळ सगळं झाड उघडावं लागतं, आणि चार थांब्यांना बेरजा सोप्या हेही मान्य. पण १२ थांब्यांचे क्रम ४७,९०,०१,६०० होतात. लिटल, मूर्ती, स्वीनी, कॅरेल या चौघांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा ४० शहरांपर्यंतची उदाहरणं त्या काळच्या संगणकावर सोडवली होती. तिथे सगळे क्रम तपासायचा विचारही करता येत नाही.

डब्याची_ताई:
माझे जेवणाचे डबे जातात. मला एकूण मिनिटं कमी नकोत, लांबच्या गिऱ्हाइकाला डबा वेळेत हवा. म्हणून मी लांबचं आधी करते. मग हे माझ्या काय कामाचं?

वहीपेन:
ताई, तुमची मिनिटं माझ्याकडे नाहीत, म्हणून याच तक्त्यावर सांगतो. समजा खडकीला ३५ मिनिटांत पोचायचंच आहे. डेक्कनवरून गेलं तर ३७ लागतात, म्हणून गोदामातून थेट खडकीच, ३४. तशी सुरुवात पक्की केली की उत्तम फेरी खडकी, औंध, कोथरूड, डेक्कन, गोदाम, १०० मिनिटांची. वेळेची अट घातली की काही फेऱ्या बाद होतात, नवी स्वस्त फेरी तयार होत नाही. त्यामुळे ९८ ही तळरेषा तशीच राहते आणि वेळ पाळायची किंमत दोनच मिनिटं हे दिसतं. तुमची पद्धत इथे बरोबर ठरली. पण वेळा दोन-तीन गिऱ्हाइकांच्या असल्या तर ही तळरेषा फार खाली राहते, फांद्या कापल्या जात नाहीत, आणि तिथे मी हिच्या भरवशावर राहणार नाही.

मार्केटयार्ड_टेम्पो:
९८ चा क्रम आज फिरवला, पहिल्या खेपेला जमला. पण अकरानंतर औंध→कोथरूड २२ चे ३० होतात. मग?

वहीपेन:
मग ही फेरी १०६ ची झाली, आणि ९८, १०१, १०३ व १०४ वर कापलेल्या फांद्या पुन्हा जिवंत झाल्या. आकडा वाढला आहे, म्हणून जुन्या तळरेषा अजून खऱ्या आहेत. कमी झाला असता तर धरता आल्या नसत्या. १०३ च्या फांदीत खरोखर तेवढ्याचीच फेरी आहे: गोदाम, कोथरूड, औंध, खडकी, डेक्कन, गोदाम. आधीचीच फेरी, उलट्या दिशेने. ९८ आणि १०१ च्या फांद्या मात्र मी अजून उघडलेल्या नाहीत.

कोड_कारकून:
मी नवा आकडा घालून २४ ही बेरजा केल्या. १०३ च सगळ्यात कमी, त्यामागे १०४.

मार्केटयार्ड_टेम्पो:
उद्या अकराची खेप उलट फिरवतो. ९८ आणि १०१ च्या फांद्या कोणी वहीवर पुऱ्या केल्या तर इथे टाका, भाच्याला दाखवायची आहे.