मदत हवी आहे: बाबांचे ट्रायग्लिसराइड ३४०, आणि लग्नात दाल-बाफल्याची पंगत

राजवाडा_परिसर:
बाबा ६४ वर्षांचे आहेत. एलडीएल १२८, ट्रायग्लिसराइड ३४०, स्टॅटिनची गोळी चालू आहे. पुढच्या आठवड्यात ते रात्रीच्या गाडीने पुण्याहून इंदूरला येतील. दुसऱ्या दिवशी दुपारी मामेभावाच्या हळदीला दाल-बाफले, चुरम्याचे लाडू, कढी आणि गट्ट्याची भाजी आहे. पंगत असल्याने पानात पडेल तेच खावे लागणार. परत गेल्यावर लगेच रक्ततपासणी आहे. गाडीत काय द्यावे आणि पंगतीत काय सांभाळावे?

माळव्याची_चव:
ताई, घाबरू नका. घरच्या साजूक तुपाने काही होत नाही, वाईट ते वनस्पती तूप. आणि बाफला बोटांनी दाबला की जास्तीचे तूप निघून जाते.

पथ्य_आणि_पान:
वनस्पतीपेक्षा साजूक बरे, हे खरे. पण एलडीएल वाढवणारी संपृक्त चरबी साजूक तुपातही भरपूर असते. १५ ग्रॅम तुपात ती साधारण ९ ग्रॅम निघते. एलडीएल जास्त असलेल्या आणि दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ही चरबी दिवसभरात १४ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे धरतात. दाबून फक्त वरचे तूप निथळते. बाफला आधी फोडून मग तुपात सोडतात, त्यामुळे ते आतपर्यंत गेलेले असते. खात्री हवी असेल तर एकच बाफला बुडवण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. वाढलेले वजन म्हणजे तूपच.

म्हणून खरी वेळ पंगतीची नाही, भट्टीची आहे. भट्टीतून निघालेले बाफले थेट तुपाच्या भगोन्यात जातात. वाढप्याला 'कोरा द्या' म्हणाल तेव्हा कोरा उरलेलाच नसतो. आदल्या संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला सांगून दोन कोरे बाजूला काढायला लावा आणि ते लगेच सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. उघडे राहिले तर कवच कडक होते, बाबांना चावणार नाही आणि शेवटी तेच म्हणतील, 'आण ते तूप'. पानात कोरा बाफला फोडून त्यावर गरम वरण ओता आणि पाचेक मिनिटे मुरू द्या. वर एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तूप चालेल. तेवढ्याने चव येते.

एक मात्र आधी विचारून घ्या. काही आचारी पिठातच तुपाचे मोहन घालतात. तसे असेल तर वरचा तो चमचाही सोडा.

आता ट्रायग्लिसराइड. त्यांच्या बाबतीत मला तुपाइतकीच लाडवाची काळजी वाटते. साखर आणि मैद्याने हा आकडा लवकर चढतो, आणि चुरम्याच्या लाडवात साखर आणि तूप दोन्ही असतात. घ्यायचाच तर अर्धा, आणि त्या वेळी भात नको.

शिप्रातीर:
माझ्या आईलाही शुगर आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालेल का? ती तर उपवासाचीच आहे.

पथ्य_आणि_पान:
तुमचा प्रश्न शुगरचा आहे, इथे चरबीचा चालला आहे. पण उत्तर दोन्हींना लागू पडते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. आईंना भगर थोडी आणि दही जास्त असे द्या. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

राजवाडा_परिसर:
मग गाडीत? पॅन्ट्रीतल्या पुरी-भाजीची भीती वाटते.

रेल्वे_डबा:
पुरी सोडाच. पिठाला अगदी थोडे तेल लावून केलेल्या चार पोळ्या आणि जवसाची कोरडी चटणी द्या. मुगाची कोरडी उसळ दिलीत तर ती चार तासांत संपवायला सांगा, उकाड्यात आंबते. सोबत फुटाणे आणि एक पेरू. ठेपले चालतात असे सगळे म्हणतात, पण बहुतेक घरी ते तव्यावर तेल सोडून भाजतात, म्हणून मोजूनच द्या. पॅन्ट्रीचे ताट घ्यावेच लागले तर डाळ, भात, पोळी, दही खा आणि पनीरचा रस्सा तसाच राहू द्या.

माळव्याची_चव:
पण पानात टाकलेले बरे दिसत नाही. लग्नघर आहे!

पथ्य_आणि_पान:
म्हणूनच वाढतानाच पानावर आडवा हात धरायचा. मामींना आधी सांगून ठेवलेत तर आग्रह त्याच आवरतील.

तपासणी पुढे ढकला. एका जेवणाने एलडीएल फारसे हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड लग्नाच्या जेवणाने फुगलेले दिसू शकते आणि त्यावरून गोळी बदलली जाईल. नेहमीचे खाणे दोन आठवडे झाल्यावर, १२ तास उपाशी राहून रक्त द्या. तारीख बदलण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा.

राजवाडा_परिसर:
आचाऱ्यांशी बोलले. मोहन घालतात, पण किती ते सांगत नाहीत, 'अंदाजाने' म्हणतात. अशा वेळी एक कोरा बाफला धरावा की अर्धा?