मदत हवी आहे: कथेतले किराणा दुकानदार भावयादीची पीडीएफ कशी करतील?

कागदी_होडी
एक लघुकथा लिहिते आहे. तालुक्याच्या गावातले किराणा दुकानदार, साठीच्या घरातले. भावयादी हाताने लिहितात, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना जातो आणि मग "पोहे ५१ का ५९?" असे फोन सुरू होतात. शेवटी कुणाला न विचारता ते स्वतःच यादी नीटनेटक्या पीडीएफमध्ये आणतात. दुकानात संगणक आहे, नेट आहे, मराठी टायपिंग जमतं. गूगल शीट्स वापरतील असं धरलंय.

त्यांनी वाटेत अडखळायला हवं, पण चूक अशी हवी की पडद्याकडे बघून एकट्याला कारण उमगेल. काय काय बिघडतं? पायऱ्या नेमक्या सांगा, वाचक चुका काढतात.

जलद_गाडी
यात अडखळायचं काय? मोबाइलवर गूगल ड्राइव्ह उघडून यादी स्कॅन केली की पीडीएफ तयार. टाइप केलेला मजकूर हवा असेल तर तीच फाइल संगणकावर ड्राइव्हमधून `Open with` → `Google Docs` ने उघडायची, अक्षरं आपोआप येतात. कथा दोन ओळींत संपेल.

तागडी
@जलद_गाडी, स्कॅनची पीडीएफ म्हणजे शेवटी फोटोच. कागद सरळ आणि पांढरा दिसेल, पण वहीत ५१ चा ५९ वाटत असेल तर तिथेही वाटणारच. डॉक्सची युक्ती छापील मराठीला बरी चालते. हाताच्या यादीत मात्र नावं एकीकडे, भाव दुसरीकडे आणि मधल्या काही ओळी गायब अशी गत होते. कथेत काकांना आधी हेच करू द्या आणि मग टाइप करायला बसवा.

टाइप करताना तीन रकाने पुरतात: माल, माप, भाव. वहीतल्या दोन सवयी इथे अंगाशी येतात.

पहिली म्हणजे "51/-". शीटला तो आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. खूण सोपी आहे: खरा आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे चिकटतो. काका काही ठिकाणी 51 आणि काही ठिकाणी 51/- लिहितील, त्यामुळे एकाच रकान्यात निम्मे भाव डावीकडे दिसतील. ते आधी दुर्लक्ष करतील. मग सगळ्या भावांत दोन रुपये वाढवायला शेजारच्या रकान्यात हे लिहून खाली ओढतील:

```
=C2+2
```

डावीकडे चिकटलेल्या प्रत्येक भावासमोर `#VALUE!` येईल आणि उजवीकडच्यांचं गणित बरोबर येईल. हे दोन्ही शेजारी दिसलं की कारण सांगायला कुणी लागत नाही.

दुसरी सवय "〃" ची. तूरडाळ, खाली 〃 मध्यम, त्याखाली 〃 फटका. वहीत बिनचूक. पण यादी अकारविल्हे लावली की सगळी 〃 गोळा होऊन एकदम वर जातात आणि कुठलं मध्यम कशाचं ते कळत नाही. प्रत्येक ओळीत पूर्ण नाव लिहिण्यावाचून इलाज नाही.

नळ_तोटी
आमच्या हार्डवेअरच्या यादीत मापाच्या जागी 1/2 आणि 3/4 इंच असतं. एक्सेलमध्ये त्याच्या तारखा होतात. मग फॉरमॅट `Text` केला तर भलताच आकडा येतो. यावर काय करायचं?

तागडी
तारखेत आधी दिवस, मग महिना अशी सेटिंग असेल तर 1/2 म्हणजे एक्सेलच्या लेखी 1 फेब्रुवारी. आत ती तारीख एका क्रमांकाच्या रूपात साठते, आणि नंतर `Text` केलं की तोच क्रमांक उघडा पडतो. २०२५ सालची 1 फेब्रुवारी असेल तर 45689. म्हणून रकाना रिकामा असतानाच `Text` करा आणि मग लिहा. एखादाच आकडा असेल तर आधी एकेरी अवतरण देऊन `'1/2` लिहा. किराण्यात अर्ध्या किलोला हेच होणार, काकांनी "५०० ग्रॅम" लिहिलं की प्रश्न मिटला.

कागदी_होडी
मस्त! पण गिऱ्हाइकापर्यंत पोचेल अशी एखादी मोठी चूक हवी होती.

बिनदाखल
मग सॉर्ट. काका फक्त मालाचा रकाना निवडतात आणि `Data` → `Sort range` करतात. एक्सेल अशा वेळी बाजूचे रकानेही घ्यायचे का ते विचारतं. शीट्स विचारत नाही, निवडलं तेवढंच हलवतं. समजा मूळ यादी अशी (भाव मनाचे):

साखर 44, पोहे 52, गूळ 60, काजू 900, शेंगदाणे 130.

नावं हलली आणि भाव जागेवर राहिले, तर होतं:

काजू 44, गूळ 52, पोहे 60, शेंगदाणे 900, साखर 130.

पान दिसायला सुरेख असतं, म्हणून चूक निसटते. पीडीएफ गेली की पाच मिनिटांत कुणीतरी दोन किलो काजू मागवणार. लगेच लक्षात आलं तर `Ctrl+Z`. फाइल बंद करून झाली असेल तरी `File` → `Version history` मध्ये आधीची प्रत मिळते. ती त्यांना स्वतः सापडू द्या, मेनूत समोरच असते.

तागडी
हे माझ्या दोन्ही चुकांपेक्षा सरस आहे.

आता शेवटची पायरी. पहिली ओळ `View` → `Freeze` → `1 row` ने गोठवायची. मग `File` → `Download` → `PDF`. समोर येणाऱ्या पडद्यावर `Scale` मध्ये `Fit to width` निवडायचं, नाहीतर भावाचा रकाना वेगळ्या पानावर जाऊ शकतो. `Headers & footers` मध्ये `Repeat frozen rows` वर खूण केली की माल, माप, भाव ही शीर्षकं प्रत्येक पानावर येतात.

कागद A4 ठेवला तर मोबाइलवर अक्षर किडकं दिसतं. २१० मिमीचं पान साधारण ७० मिमीच्या पडद्यावर येतं, म्हणजे १२ चं अक्षर ४ सारखं. A5 घेतलं तर पान १४८ मिमी रुंद. इथे काका अक्षराचा आकार वाढवत बसतील आणि नावं दोन ओळींत तुटतील. `Fit to width` मध्ये सगळे रकाने मिळून पानाच्या रुंदीत बसवले जातात, त्यामुळे रिकामी जागा सोडणारे रकाने अरुंद केले की अक्षर आपोआप मोठं येतं.

जलद_गाडी
पटलं. पण भाव देवनागरी आकड्यांत छापायचे असतील तर?

बिनदाखल
काकांनी `51` टाइप करावं, गणितं निर्वेध चालतात. देवनागरीसाठी छापण्यापुरता वेगळा रकाना करतात काही जण, पण भाव बदलला की दोन ठिकाणी बदलावा लागतो. मला तो उपाय आवडत नाही.

कागदी_होडी
त्यांची जुनी गिऱ्हाइकं देवनागरी आकडेच वाचतात. हे कथेत तसंच ठेवते, बघू. पण शेवटी यादी अकारविल्हेच लावायची ना?

तागडी
किराण्यात नको. गिऱ्हाईक डाळी एकत्र बघतं, तेलं एकत्र बघतं. डाव्या बाजूला "क्रम" रकाना घालून 10, 20, 30 द्यायचे. मधे नवा माल आला तर त्याला 15. सगळे रकाने निवडून क्रमाने सॉर्ट करायचं आणि पीडीएफ करण्याआधी तो रकाना `Hide column` ने लपवायचा, पानावर येत नाही. वरच्या ओळीत तारीख मात्र हवीच, जुनी पीडीएफ ग्रुपांमधून फिरत राहते आणि गिऱ्हाईक गेल्या महिन्याचा भाव दाखवून भांडतं.