शिफारसपत्रात एखादं काम सांगा

"सहा वर्षं माझ्या पार्लरमध्ये कामाला असलेली मुलगी स्वतःचा स्टुडिओ काढतेय. पत्रात काय लिहू?"

ताई, 'मेहनती, प्रामाणिक' एवढ्यावर थांबू नका, तिच्या हातचं एखादं काम सांगा. माझ्याकडच्या मुलीच्या पत्रात मी लिहिलं होतं: काळी मेंदी लावणाऱ्या एका बाईंना हायलाइट्स हवे होते. हिने आधी त्यांचे चार केस कापून डेव्हलपरमध्ये बुडवले. वाटी गरम झाली, फेस आला, म्हणजे मेंदीत धातूचे क्षार होते. ब्लीच लावलं असतं तर केस तुटले असते, टाळू भाजली असती. तिने स्पष्ट नकार दिला. मला तिचा फार अभिमान वाटला, तेही लिहिलं. कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख मात्र नक्की घाला, कर्ज काढताना अनुभव दाखवायला उपयोगी पडते.