मदत हवी आहे: ईआरपी म्हणतं माल वर्षात १५ वेळा फिरला, गोदामात तर दिवाळीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते

कातळावरचा

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचा आमरस कॅनिंगचा छोटा कारखाना आहे. ८५० ग्रॅमचे डबे, थोडं कोकम आगळ, बस्स. मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो, म्हणजे दोन्ही अर्धवट. दोन वर्षांपूर्वी ईआरपीनेक्स्ट घेतलं. ज्यांनी बसवून दिलं, त्यांनी मालकांसाठी एक डॅशबोर्डही करून दिला. त्यात 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' १५ दिसतो, म्हणजे माल सरासरी २४ दिवसांत निघतो.

मालक खूश. म्हणाले, यंदा आंबा दुप्पट घेऊ, माल तर महिन्याच्या आत जातोय. मी तेव्हा गप्प बसलो, पण मे महिन्यात भरलेले डबे मी जानेवारीत गाडीवर चढवतो हे मला माहीत आहे. २४ दिवस आले कुठून?

२०२४-२५ चे आकडे, सगळे कोटींत: करवगळता विक्री ९.००, विकलेल्या मालाचा खर्च ६.६०, १ एप्रिलचा साठा ०.५०, ३१ मार्चचा ०.७०. गणित कुठे चुकतंय? जमलं तर उधारीचे दिवस कसे मोजायचे तेही सांगा, बँक विचारते आहे.

मिरग_लागला

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ९.०० ला ०.६० ने भागलंय. वर विक्री आणि खाली खर्चाच्या भावातला साठा, हे जुळत नाही. वर विकलेल्या मालाचा खर्च घ्या, ११ येईल. झालं काम.

कातळावरचा

११ म्हणजे ३३ दिवस. तरी जानेवारीतल्या गाडीचं कोडं सुटत नाही हो.

लोटे_परशुराम

आमच्याकडेही डॅशबोर्डने असाच घोळ घातलाय. केमिकल कंपनी, मी डिस्पॅचला. 'वेळेवर डिलिव्हरी' ९८ टक्के दाखवतं आणि गिऱ्हाईक रोज फोनवर शिव्या घालतं. पावसात घाट बंद झाला की गाडी दोन दिवस अडकते, तरी आमचे ९८ हलत नाहीत. तुमच्या मालकांना सांगा, डॅशबोर्ड बंदच करा.

जुना_खतावणीवाला

कातळावरचा, मिरग यांचं निम्मं बरोबर आहे. वर विक्री घेतली की आकड्यात नफा मिसळतो. उद्या तुम्ही एकही डबा जास्त न विकता भाव १० टक्के वाढवलात, तर १५ चे साडेसोळा होतील. गोदामात काहीच हललेलं नसेल. तेव्हा वर खर्च, हे पक्कं.

पण मोठी चूक खालच्या आकड्यात आहे. तुमचं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. आमरसवाल्याच्या गोदामात वर्षातला सगळ्यात कमी माल कधी असतो? नेमका तेव्हाच, नवा आंबा कारखान्यात यायच्या आधी. १ एप्रिल आणि ३१ मार्च यांची सरासरी काढणं म्हणजे भरती किती येते ते दोन ओहोटींच्या वेळी काठी रोवून मोजणं. वर्षभर सारखा धंदा असलेल्या किराणा दुकानाला ही रीत चालते, तुम्हाला चालणार नाही.

तेरा आकडे काढा: आदल्या मार्चअखेरचा एक आणि मग प्रत्येक महिनाअखेरचा. कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतच असाल, त्यावरून अंदाज येईल. मात्र तोच आकडा उचलू नका. पैसे न दिलेला माल बँक वजा करते, तुम्हाला तो हवा आहे.

कातळावरचा

काका, काढले. मार्च ०.५०, एप्रिल १.४०, मे ५.००, जून ५.६०, जुलै ५.१०, ऑगस्ट ४.६०, सप्टेंबर ४.००, ऑक्टोबर ३.३०, नोव्हेंबर २.७०, डिसेंबर २.१०, जानेवारी १.६०, फेब्रुवारी १.१०, मार्च ०.७०. बेरीज ३७.७०, भागिले १३, सरासरी २.९०.

६.६० भागिले २.९० म्हणजे २.३. दिवसांत १६० च्या आसपास.

मालकांना कुठल्या तोंडाने सांगू?

मिरग_लागला

मान्य, माझं खालच्या आकड्याकडे लक्षच गेलं नाही. पण मग टॅलीत वेगळंच येईल. तिथल्या रेशो ॲनालिसिसमध्ये विक्रीला अखेरच्या साठ्याने भागतात, सूत्र बाजूला छापलेलंच असतं. तुमच्या आकड्यांवर १२.९ येईल. एकाच कारखान्याची चार उत्तरं!

जुना_खतावणीवाला

चारही भागाकार बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. म्हणून नावाखाली नुसतं 'टर्नओव्हर' लिहून भागत नाही. वर कुठलं खातं, खाली कुठली गोदामं, कुठल्या तारखा आणि आकडा कधी काढला, एवढं तिथेच लिहिलेलं असावं.

वरच्या खात्याचं आधी बघा. तुमच्या सिस्टीममध्ये फुटलेले, फुगलेले डबे मटेरियल इश्यूने काढत असाल तर ते सहसा स्टॉक ॲडजस्टमेंटच्या खात्यात जातात. एखाद्याने ते विकलेल्या मालाच्या खर्चात टाकायची सवय लावली, तर जितका माल खराब होईल तितका टर्नओव्हर छान दिसेल.

डॉक_दोन

मी ईआरपीनेक्स्टवर काम करतो. महिनाअखेरचा साठा असा काढता येईल, तारीख बदलत जा:

```sql
SELECT SUM(stock_value_difference)
FROM `tabStock Ledger Entry`
WHERE is_cancelled = 0
  AND posting_date <= '2024-05-31'
  AND warehouse NOT LIKE 'Job Work%';
```

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. बागायतदार स्वतःचा आंबा आणून तुमच्याकडे डबे भरून नेतात ना? तो रस त्यांचा, मजुरी तुमची. तो माल वेगळ्या गोदामात हवा आणि तिथे त्याची किंमत शून्य हवी. एखाद्याने तो तुमच्याच आमरसाच्या आयटम कोडवर जमा केला असेल, तर सिस्टीम त्याला तुमचा भाव लावते. साठा फुगतो आणि टर्नओव्हर उगाच घटतो. गोदामाचं नाव तुमच्याकडे जे असेल ते घाला.

दुसरं, ही क्वेरी आज चालवलीत आणि दिवाळीत पुन्हा चालवलीत तर मे महिन्याचा आकडा वेगळा येऊ शकतो. घाबरू नका. आंब्याच्या टेम्पोचं भाड्याचं बिल जुलैत आलं आणि तुम्ही ते लँडेड कॉस्ट व्हाउचरने मालावर चढवलंत, की सिस्टीम मागे जाऊन मे महिन्याच्या नोंदींची किंमत बदलते. मागल्या तारखेने पावती टाकली तरी तेच.

कातळावरचा

अगदी हेच झालं होतं! मालकांना जूनमध्ये एक आकडा दाखवला, ऑगस्टमध्ये दुसरा निघाला आणि मी बोलणी खाल्ली. भाड्याची बिलं खरंच गणपतीच्या आसपास येतात.

मग कुठला आकडा धरायचा?

डॉक_दोन

मी दोन्ही ठेवतो. महिना बंद झाल्यावर, समजा पुढच्या महिन्याच्या १० तारखेला, आलेला आकडा एका वेगळ्या तक्त्यात तारखेसह लिहून ठेवायचा. तो पुन्हा बदलायचा नाही. वर्षअखेरीला त्याच महिन्यांचे आकडे नव्याने काढायचे आणि शेजारी लावायचे. फरक मोठा असेल तर बिलं उशिरा येतात असं समजा, तेव्हा टेम्पोवाल्यांच्या मागे लागा. स्टॉक फ्रीझची तारीख लावली की मागल्या तारखेच्या नोंदी थांबतात, पण खरी बिलं आली की तुम्हीच ती काढाल, हे मला अनुभवाने माहीत आहे.

जुना_खतावणीवाला

इथे माझं थोडं वेगळं मत. मी गोठवलेलाच आकडा मालकांना दाखवीन. दुरुस्त आकडा ऑडिटला.

लोटे_परशुराम

माझं कोणी बघणार का?

डॉक_दोन

तुमच्यासाठी वेगळा धागा हवा, पण पटकन सांगतो. ऑर्डरवरची डिलिव्हरी तारीख उशीर होणार असं कळल्यावर कोण बदलतं?

लोटे_परशुराम

मीच बदलतो. नाहीतर स्क्रीन लाल होते आणि साहेब ओरडतात.

डॉक_दोन

मग ९८ तुम्हीच तयार करताय. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कबूल केलेली तारीख वेगळ्या रकान्यात ठेवा आणि ऑर्डर सबमिट झाल्यावर तो रकाना कोणालाच बदलता येऊ नये. मोजायचं त्याच्याशी. आणि तुमची वेळ गेटमधून गाडी सुटल्यावर थांबते की पलीकडे माल उतरल्यावर, तेही बघा. घाटातले दोन दिवस तुमच्या आकड्यात येतच नाहीत ते त्यामुळेच.

लोटे_परशुराम

च्यायला. गेटपासच्या वेळेवर थांबते.

मिरग_लागला

उधारीच्या दिवसांचं मी सांगतो, ते सोपं आहे. येणं भागिले विक्री गुणिले ३६५.

जुना_खतावणीवाला

सोपं नाही हो. येण्यात जीएसटी धरलेला असतो, विक्री तुम्ही करवगळता घेता. दोन्हीकडे एकच करा, नाहीतर दिवस उगाच वाढतात. शिवाय यांच्या धंद्यात मार्चअखेरचं येणं वर्षभराच्या विक्रीशी ताडून काय कळणार? मी मागे मोजत जातो. ३१ मार्चचं येणं, त्यातून मार्चची पूर्ण विक्री वजा, उरलं त्यातून फेब्रुवारीची, आणि शेवटी जितका तुकडा उरेल तितके त्या महिन्याचे दिवस. समजा येणं १.३०, मार्चची विक्री ०.८० आणि फेब्रुवारीची ०.७०, सगळं करासकट. मार्चचे ३१ दिवस गेले, उरले ०.५०. ते फेब्रुवारीच्या सात भागांतले पाच, म्हणजे २८ पैकी २०. एकूण ५१ दिवस. बँकेला मात्र आधी विचारा त्यांना कुठल्या रीतीने हवंय. त्यांचा फॉर्म ठरलेला असतो.

कातळावरचा

उधारीचं बँकेत विचारून इथे लिहितो.

काल मालकांसमोर तेरा आकड्यांचा कागद ठेवला. पहिल्यांदा म्हणाले, तू आकडे बदललेस. मग जूनच्या ५.६० वर बोट ठेवून बराच वेळ गप्प. त्या महिन्यात कॅश क्रेडिट पूर्ण ओढलेलं असतं, व्याज त्यांना पाठ आहे. दुप्पट आंब्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अजून तरी.

आता एकच अडतंय. बागायतदारांच्या रसासाठी रिकामे डबे आम्हीच फेब्रुवारीत घेतो. रस भरल्यावर डबा त्यांच्या गोदामात दाखवायचा की बिल होईपर्यंत आमच्यात? सील केलेला डबा परत रिकामा थोडाच होणार आहे.

डॉक_दोन

बिल होईपर्यंत तुमच्यात, पॅकिंग मटेरियल म्हणून.

जुना_खतावणीवाला

मला नाही पटत. भरला की वापरला, तो जॉबवर्कचा खर्च. तुमच्या सीएंना विचारा आणि ते जे म्हणतील ते इथे टाका, मलाही हवंय.